८०० मिमीच्या पाइलला हिशोबापेक्षा तीन घनमीटर काँक्रीट जास्त लागलं, ते गेलं कुठे?

कंदील

काल आमच्या साइटवरची पहिली पाइल भरली. व्यास ८०० मिमी. ड्रॉइंगमध्ये पाइलची लांबी २०.८ मीटर आहे. मी आदल्या रात्री असा हिशोब केला: ०.८ चा वर्ग गुणिले ०.७८५४ म्हणजे क्षेत्रफळ ०.५०२७, त्याला २०.८ ने गुणून १०.४६ घनमीटर. बोअर मापापेक्षा थोडं मोठं होतंच, त्या ओव्हरब्रेकसाठी वर १० टक्के धरून साडेअकरा. म्हणून ६-६ घनमीटरच्या दोन गाड्या मागवल्या आणि अर्धा घनमीटर हाताशी राहील म्हणून निर्धास्त होतो.

दोन्ही गाड्या रिकाम्या झाल्या तरी काँक्रीट वर आलं नाही. धावपळ करून तिसरी गाडी मागवली, ३ घनमीटरची. ती यायला ७० मिनिटं लागली. तिच्यातलं साधारण १.६ वापरलं गेलं, उरलेलं खड्ड्यात ओतावं लागलं. म्हणजे एकूण १३.६ लागलं, ड्रॉइंगच्या हिशोबापेक्षा ३० टक्के जास्त. सल्लागारांचा इंजिनिअर म्हणतो की ३० टक्के ओव्हरब्रेक म्हणजे बोअर ढासळलंय, करारात फक्त १० टक्के मान्य आहे.

अजून अशा ४३ पाइल भरायच्या आहेत. नक्की किती टक्के धरू? आणि ही पहिली पाइल चांगली आहे की नाही, हे कसं कळणार? रात्रभर झोप नाही.

सिमेंटगोणी

तुम्ही १.५४ ने गुणायला विसरलात. ओल्या काँक्रीटचा आकार कोरड्या मालापेक्षा कमी असतो, म्हणून १०.४६ गुणिले १.५४ म्हणजे जवळपास १६ घनमीटर धरायला हवं होतं. आमच्याकडे स्लॅबचा हिशोब असाच करतात.

तळठाव

सिमेंटगोणी, १.५४ चा आकडा सिमेंट, वाळू, खडी किती आणायची हे काढण्यासाठी आहे. गाडीतून येतं ते कालवलेलं काँक्रीट, त्याचा ६ घनमीटर म्हणजे बोअरमध्येही ६ घनमीटर. इथे तो आकडा लावला तर प्रत्येक पाइलला अख्खी गाडी फुकट जाईल.

कंदील, घाबरू नका, पण टक्केवारीवर बोलण्याआधी मला काही गोष्टी हव्यात. २०.८ ही लांबी कट-ऑफपासून, म्हणजे डोकं फोडल्यावर उरणाऱ्या माथ्यापासून आहे की जमिनीपासून? काँक्रीट कुठपर्यंत आणलं? वर केसिंग होतं का, किती लांब, बाहेरचा व्यास किती? मधे मधे टेप टाकून काँक्रीटची पातळी मोजली होती का? आणि बोअर किती वेळ उघडं होतं?

घनमूळ

एक साधी गोष्ट. १० टक्के ओव्हरब्रेक म्हणजे व्यास १० टक्क्यांनी वाढला असं धरायचं, म्हणजे ८८० मिमी. त्याचा हिशोब करून बघा, आकडा बराच जुळेल. दुसरं, पिंजऱ्याच्या लोखंडाची जागा वजा करायला हवी, ती कोणीच करत नाही.

मोजमापवही

घनमूळ, व्यास १० टक्के वाढला तर आकारमान २१ टक्के वाढतं, कारण वर्ग होतो. आकारमानात १० टक्के वाढ म्हणजे ८०० चे जेमतेम ८४० मिमी. बोअरच्या भिंतीवर सगळीकडून फक्त २ सेंटिमीटर. हे लक्षात घेतलं की १० टक्के हा आकडा किती लहान आहे ते कळतं. बकेटच्या कडेचे दात थोडे बाहेर वाकलेले असले तरी तेवढं जातं.

घनमूळ

मान्य, वर्गाचं विसरलो. पण लोखंडाचं?

तळठाव

लोखंडाचा मुद्दा चुकीचा नाही, फक्त फार छोटा आहे. समजा पिंजरा ८०० किलोचा आहे. भागिले ७८५० केलं की ०.१ घनमीटर. ११ घनमीटरमध्ये तो एक टक्काही नाही. मी तो वजा करत नाही. काँक्रीट तळापर्यंत नेणाऱ्या ट्रेमी पाइपला, हॉपरला आणि गाडीच्या ड्रमला चिकटून राहणारं काँक्रीट तेवढं असतंच.

कंदील

सगळं देतो. प्लॅटफॉर्मपासून बोअरची खोली २२.० मीटर. कट-ऑफ प्लॅटफॉर्मच्या १.२ मीटर खाली, म्हणून पाइल २०.८. काँक्रीट मात्र प्लॅटफॉर्मपर्यंत आणून वरून घाण काँक्रीट वाहू द्यायचं अशी सूचना होती, तसंच केलं. वर ५ मीटर तात्पुरतं केसिंग, बाहेरून ९०० मिमी, पत्रा १२ मिमी. भरून झाल्यावर ते काढलं, तेव्हा पातळी थोडी उतरली आणि वरून भर टाकली.

बोअर लॉगनुसार ५ मीटरपर्यंत भराव, मग ७ पर्यंत कडक चिकणमाती, ७ ते ११ बारीक वाळू, त्याखाली पुन्हा कडक थर आणि शेवटी मुरूम. पाणी २.५ मीटरवर. भिंत धरायला बेंटोनाइटचं द्रावण वापरलं.

बोअर संध्याकाळी पूर्ण झालं, पण पिंजऱ्याची वेल्डिंग राहिली होती म्हणून रात्रभर तसंच राहिलं. सकाळी बघितलं तर बेंटोनाइट अडीच मीटर खाली गेलेलं. तळाला ६० सेंटिमीटर गाळ होता, क्लीनिंग बकेटने काढला, फ्लशिंग केलं आणि पुन्हा २२.० मोजलं.

टेप दर अर्ध्या गाडीनंतर टाकला. प्लॅटफॉर्मपासून काँक्रीटच्या माथ्यापर्यंतची खोली अशी: ३ घनमीटरनंतर १६.६, ६ नंतर १०.९, ९ नंतर ६.९, १२ नंतर १.७ मीटर. तिथेच ७० मिनिटं थांबलो.

तळठाव

कंदील, दर अर्ध्या गाडीला टेप टाकलात, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वहीत आहे. सावकाश बघू.

आधी सैद्धांतिक आकडाच दुरुस्त करू, कारण १०.४६ हा या बोअरचा आकडा नाहीच. काँक्रीट २२ मीटरपर्यंत गेलं, २०.८ नाही. वरचे १.२ मीटर नंतर फोडून टाकायचे असले तरी ते ओतावं लागतंच. आणि वरच्या ५ मीटरमध्ये भोक ८०० चं नाही, ९०० चं आहे. केसिंग उपसलं की काँक्रीट त्याच्या बाहेरच्या मापापर्यंत पसरतं. म्हणून खालचे १७ मीटर गुणिले ०.५०२७ म्हणजे ८.५५, आणि वरचे ५ मीटर गुणिले ०.६३६२ म्हणजे ३.१८. बेरीज ११.७३ घनमीटर. एक कणही न ढासळता हे बोअर ११.७३ पिणार होतं. वर वाहून जाणारं घाण काँक्रीट साधारण ०.४ धरा. म्हणजे १२ घनमीटर मागवले त्याच क्षणी ते कमी पडणार होते, ओव्हरब्रेक शून्य असता तरी.

आता खरा ओव्हरब्रेक. प्रत्येक टप्प्यात किती काँक्रीट गेलं आणि पातळी किती चढली, हे दोन आकडे मिळाले की त्या टप्प्यातला सरासरी व्यास निघतो. शीटमध्ये हे टाका, V म्हणजे त्या टप्प्यातलं काँक्रीट, H म्हणजे पातळीतला चढ:

```
=SQRT(4*V/(PI()*H))
```

पहिल्या टप्प्यात ३ घनमीटरला ५.४ मीटर चढ, व्यास ८४१ मिमी. दुसऱ्यात ५.७ मीटर, ८१९ मिमी. तिसऱ्यात फक्त ४.० मीटर, ९७७ मिमी. आता हा तिसरा टप्पा कुठे आहे बघा: १०.९ पासून ६.९ मीटर. तुमच्या लॉगमधली वाळू बरोबर ७ ते ११.

चौथा टप्पा दोन भागांत तोडावा लागेल, कारण ५ मीटरवर केसिंगचं तोंड येतं. १.७ मीटरला थांबलात तेव्हा केसिंगच्या आत ३.३ मीटर काँक्रीट होतं. केसिंगचा आतला व्यास ८७६, क्षेत्रफळ ०.६०२७, म्हणजे जवळजवळ २ घनमीटर. उरलेला १ घनमीटर ६.९ ते ५.० या १.९ मीटरमध्ये गेला, व्यास ८२० च्या आसपास. तिथली चिकणमाती छान उभी राहिली होती.

पहिल्या टप्प्याच्या ८४१ वर फार भरवसा ठेवू नका. सुरुवातीला ट्रेमी लांब असते, बाहेर बेंटोनाइटचा दाब असतो, त्यामुळे पाइपात काँक्रीट बाहेरच्या पातळीपेक्षा काही मीटर वर उभं राहतं. २०० मिमीच्या पाइपात ७ मीटर उभं असेल तर ०.२२ घनमीटर. ते गाडीतून उतरलंय पण बोअरमध्ये अजून पोचलेलं नाही, म्हणून पहिला व्यास नेहमी थोडा फुगलेला दिसतो. ते काँक्रीट पुढे वरच्या टप्प्यांत हळूहळू उतरतं.

एकूण, बोअरमध्ये १३.२ च्या आसपास राहिलं, म्हणजे ११.७३ वर साडेबारा टक्के. जादा गेलेल्या दीड घनमीटरपैकी जवळजवळ एक घनमीटर एकट्या त्या ४ मीटर वाळूत आहे.

ऑगरवाला

मी रिग चालवतो, बावीस वर्षं झाली. तुमचा सल्लागार बेंटोनाइटवर आणि रात्रीवर ढकलेल, पण मला विचाराल तर वाळू बकेटने ओढली. ऑपरेटर घाईत असला की भरलेली बकेट सरकन वर खेचतो. खाली पिचकारीसारखं होतं, बाजूची वाळू आत येते. ८०० च्या भोकात बकेट आणि भिंत यांच्यात जागा किती असते? बेंटोनाइटला बकेटच्या बाजूने खाली जायला वेळ द्यावा लागतो. वाळूच्या थरात मी बकेट हळू काढतो, आमच्या मुलांनाही तेच सांगतो. आणि बकेटचे बाजूचे कटर टेप लावून बघा. नवीन कटर वेल्ड केले की ८०० ची बकेट ८२० चं भोक काढते. ८२० म्हणजे सगळ्या लांबीला पाच टक्के, ढासळणं वेगळं.

तळठाव

ऑगरवाला, कटरचं एकदम बरोबर. कंदीलच्या दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात ८२० च्या आसपास दिसतंय, ते तुमच्या कटरचंच असावं.

पण वाळूसाठी मला रात्र जास्त संशयास्पद वाटते. पाणी २.५ मीटरवर आणि सकाळी बेंटोनाइटही २.५ मीटरवर. म्हणजे बाहेरचं पाणी आणि आतलं बेंटोनाइट एकाच पातळीला आलं. बेंटोनाइट भिंत धरून ठेवतं ते पाण्यापेक्षा वर असलेल्या उंचीच्या जोरावर. मी किमान दीड मीटर तरी वर ठेवते. इथे तो जोर रात्रीत संपला, उरला फक्त घनतेतला किरकोळ फरक. सकाळी तळाला ६० सेंटिमीटर गाळ मिळाला, तो कुठून तरी आलाच ना.

ऑगरवाला

गाळ तर फ्लशिंग अर्धवट राहिलं तरी बसतो, बेंटोनाइटमधली वाळू रात्रीत खाली येते. त्यावरून भिंत पडली असं ठरत नाही. साठ सेंटिमीटर म्हणजे पाव-एक घनमीटर. तुमचा हिशोब एक घनमीटर म्हणतोय. बाकीची वाळू बकेटमधूनच वर आली असणार.

माळरान

आमचा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितो. ६०० मिमी, १२ मीटर, कोरडं बोअर, ऑगरने काढलेलं, पाणी नाही. हिशोब ३.३९ घनमीटर. आम्हाला ३.१ मध्येच काम झालं. सगळे खूश, काँक्रीट वाचलं. म्हणजे कोरड्या बोअरला ओव्हरब्रेक धरायची गरज नसते असं म्हणायचं का?

तळठाव

माळरान, नाही. मला तुमची पाइल कंदीलच्या पाइलपेक्षा जास्त काळजीची वाटते. जास्त लागलं तर पैसे जातात, पाइल जाड होते. कमी लागलं याचा अर्थ जिथे काँक्रीट असायला हवं तिथे दुसरं काहीतरी आहे. बोअरचं भोक हत्यारापेक्षा लहान होत नाही, मग ०.२९ घनमीटरच्या जागी काय आहे? १२ मीटरपैकी एक मीटर तेवढाच होतो.

शक्यता अशा: बोअर काढल्यावर आणि भरण्याआधी तळाला एक मीटर माती पडली आणि खोली पुन्हा मोजलीच नाही. किंवा मऊ थर आत फुगून आला आणि तिथे पाइल बारीक झाली. किंवा भरताना कडेची माती पडून काँक्रीटमध्ये अडकली. किंवा गाडीत सांगितलं त्यापेक्षा जास्त माल होता, हीही शक्यता आहे, बॅचच्या चिठ्ठीवरून ती तपासता येते. भरण्याच्या अगदी आधी खोली मोजली होती का?

माळरान

बोअर काढल्यावर मोजली होती. भरायच्या आधी पुन्हा नाही. दीड दिवसाचं अंतर होतं. पाइलवर कॅप अजून झालेली नाही.

तळठाव

मग कॅप होण्याआधी हातोडीची इंटिग्रिटी टेस्ट करून घ्या. पाइलचं डोकं फोडून साफ करा, त्यावर सेन्सर बसवून ठोकतात, लहरीच्या परतीवरून लांबी आणि कुठे बारीक आहे का ते दिसतं. एक मीटर आखूड असेल तर त्यात दिसू शकेल. तळाला मऊ गाळ आहे की नाही हे मात्र त्या टेस्टमधून खात्रीने कळत नाही, त्यासाठी कोअर काढावा लागतो. आजच सल्लागारांच्या कानावर घाला.

मोजमापवही

मी बिलं बघते, म्हणून माझ्या बाजूने. कंदील, एकाच पाइलचे तुमच्याकडे आता तीन टक्के आहेत. १३.६ भागिले १०.४६, म्हणजे ३० टक्के. बोअरमध्ये राहिलेलं १३.२ भागिले सरळ ८०० गुणिले २२ मीटर, म्हणजे ११.०६, तर १९ टक्के. आणि १३.२ भागिले ११.७३, साडेबारा. तिघेही बरोबर भागाकार करताहेत, पण खाली वेगळा आकडा घेऊन. सल्लागारांशी बोलताना सगळ्यात आधी छेद कोणता ते कागदावर ठरवा, नाहीतर मीटिंगचा तासभर त्यातच जाईल.

आमच्या कामांत पाइलचा दर मीटरवर असतो, कट-ऑफपासून तळापर्यंत. त्यात कट-ऑफच्या वरचं फोडायचं काँक्रीट, केसिंगमुळे वाढलेलं आणि ओव्हरब्रेक, सगळं दरात धरलेलं असतं, कंत्राटदाराने टेंडर भरताना विचार करायचा. तुमच्या करारात १० टक्के मान्य असं असेल तर तो १० टक्के कशावर, हे वाक्य जसंच्या तसं वाचा. 'सैद्धांतिक आकारमान' एवढंच लिहिलं असेल तर केसिंगचा व्यास धरायचा की नाही यावर वाद होणारच.

कंदील

करारात 'सैद्धांतिक आकारमान' एवढंच आहे. केसिंगचा उल्लेख नाही.

मोजमापवही

मग लेखी विचारा, पुढच्या ४३ पाइल सुरू होण्याआधी. माझं मत, केसिंग त्यांच्या मान्य पद्धतीत होतं तर त्याचा व्यास धरायला हवा. पण दुसरी बाजूही मी ऐकली आहे की केसिंग ही कंत्राटदाराची सोय आहे, ८५० चं वापरायचं होतं. दोन्ही निकाल लागलेले मी पाहिलेत.

कंदील

तळठाव सर, आता कळलं, पण मूळ प्रश्न राहतोच. पुढच्या पाइलला किती मागवू? सरसकट १५ टक्के धरून १३.५ आणि वाहून जायला ०.४?

तळठाव

सर नको, ताई म्हणा.

सरसकट टक्का धरायचाच असेल तर पहिल्या पाइलचा धरा, कारण तो तुमच्या जमिनीचा आहे. पण मी शेवटच्या गाडीची मात्रा आधी ठरवतच नाही. टेपवरून ठरवते.

तुमच्या पाइलवर बघा. ९ घनमीटर झाल्यावर पातळी ६.९ होती. तेव्हा पुढे काय उरलं होतं? केसिंगच्या तोंडापर्यंत १.९ मीटर, ०.५०२७ ने गुणून वर १० टक्के, म्हणजे १.०५. केसिंगचे ५ मीटर बाहेरच्या व्यासाने ३.१८. वाहून जायला ०.४. बेरीज ४.६. हातात गाडीतले ३. म्हणजे १.६ कमी पडणार हे दुसरी गाडी अर्धी रिकामी झाली तेव्हाच वहीत होतं. तेव्हाच २ घनमीटरची गाडी सांगितली असती तर ७० मिनिटांतली बरीच मिनिटं वाचली असती.

तुमचा प्लांट लांब असेल तर एक टप्पा आधी ठरवा, ६ घनमीटरनंतर १०.९ मीटरवर. तिथे मात्र वाळू अजून पुढे आहे, टेपने ती पाहिलेली नाही, म्हणून त्या ४ मीटरसाठी वेगळा आकडा धरायचा. थराप्रमाणे टक्का धरा, सगळ्या लांबीला एक नको. तुमच्या कडक थरात कटर धरून पाच टक्के चालेल, वाळूत तुम्हाला पहिल्या पाइलवर जवळजवळ पन्नास टक्के लागले.

आणि टेप टाकताना वजन नीट असू द्या, खाली सपाट आणि जड. हलकं वजन बेंटोनाइट मिसळलेल्या घट्ट थरावरच थांबतं आणि पातळी खरी असते त्यापेक्षा वर दिसते. दोन बाजूंना टाका, पिंजऱ्याच्या दोन विरुद्ध कडांना. दोघांत अर्ध्या मीटरपेक्षा जास्त फरक आला तर एका बाजूने काँक्रीट चढत नाहीये.

कंदील

ताई, माफ करा. आणि त्या ७० मिनिटांचं? कट-ऑफ १.२ ला आणि आम्ही १.७ ला थांबलो होतो. म्हणजे जोड पाइलच्या आत पडला का?

तळठाव

ट्रेमीचं तोंड तेव्हा कुठे होतं? आणि तिसरी गाडी आल्यावर काँक्रीट सहज उतरलं का?

कंदील

तोंड ४.५ मीटरवर होतं. थांबलो तेव्हा फोरमनने सांगितलं म्हणून दर दहा मिनिटांनी ट्रेमी वीतभर वर-खाली हलवत होतो, बाहेर काढली नाही. तिसरी गाडी आली तेव्हा आधी उतरेना, दोन-तीन वेळा हलवल्यावर उतरलं. वरून आधी काळपट, पाणीदार काँक्रीट वाहिलं, मग स्वच्छ आलं.

तळठाव

तुमच्या फोरमनने पाइल वाचवली असं वाटतंय. तोंड जुन्या काँक्रीटमध्ये जवळपास पावणेतीन मीटर बुडालेलं होतं, म्हणजे नवीन माल जुन्याच्या खाली शिरला आणि १.७ वरचा जुना माथा वर ढकलला गेला. तोच तुम्हाला काळपट वाहताना दिसला. ट्रेमी बाहेर काढून पुन्हा टाकली असती तर घाण थर १.७ ला गाडला गेला असता.

राहिला धोका केसिंगचा. ते तुम्ही शेवटी काढलं, तोवर आतलं पहिलं काँक्रीट किती वेळचं होतं? काँक्रीट आवळायला लागल्यावर केसिंग खेचलं की ते केसिंगला धरून वर उचललं जातं आणि खाली पाइल बारीक होते किंवा तुटते. पातळी 'थोडी उतरली' म्हणालात, ते चांगलं लक्षण. केसिंगच्या पत्र्याची रिकामी झालेली जागा भरायला पातळी उतरायलाच हवी: ५ मीटर भरलेलं असेल तर ०.६०२७ भागिले ०.६३६२ केल्यावर साधारण पाव मीटर. केसिंग वर येताना पातळी उतरलीच नाही किंवा वर चढली तर तिथेच थांबायचं.

कंदील

वीस-पंचवीस सेंटिमीटर उतरली होती. डोकं फोडल्यावर १.७ च्या आसपास खोदून बघण्याची आणि इंटिग्रिटी टेस्टची परवानगी मागतो.

कंदील

चार दिवसांनी पुन्हा लिहितोय. दुसरी पाइल भरली, तीच माती, तेच २२ मीटर, पहिलीपासून १० मीटरवर. या वेळी पिंजरा आधी तयार ठेवला, बोअर संपल्यावर तीन तासांत भरायला घेतलं, बेंटोनाइट सगळा वेळ केसिंगच्या वरच्या कडेजवळ राखलं. ऑपरेटरला वाळूत बकेट हळू काढायला सांगितलं. तळाला गाळ ५ सेंटिमीटर निघाला.

रीडिंग: ३ नंतर १६.५, ६ नंतर १०.८, ९ नंतर ५.६, १२ नंतर ०.५. तिसऱ्या टप्प्याचा व्यास ८५७ मिमी निघतो, पहिल्या पाइलला तिथेच ९७७ होता. ९ घनमीटरला हिशोब केला: ०.६ मीटरचे ०.३, केसिंगचे ३.१८, वाहून जायला ०.४, मिळून ३.९. हातात ३ होते, म्हणून लगेच दीड घनमीटरची गाडी सांगितली. दुसरी गाडी संपल्यावर बारा मिनिटांत ती आली. ०.९ वापरलं. ११.७३ वर साडेसहा टक्के.

पहिल्या पाइलच्या टेस्टची परवानगी मिळाली आहे, पण काँक्रीटला अजून दिवस पूर्ण व्हायचेत. छेदात केसिंगचा व्यास धरायचा का, यावर सल्लागारांचं उत्तर आलेलं नाही.

ऑगरवाला

बघा, बकेट हळू काढल्यावर फरक पडला.

तळठाव

किंवा बेंटोनाइट वर ठेवल्यामुळे, किंवा रात्र टळल्यामुळे. कंदीलने तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे या दोन पाइलवरून आपल्या दोघांपैकी कोण बरोबर ते ठरणार नाही. बदलल्या ते योग्यच केलं, तिन्ही चालू ठेवा.

कंदील, शक्य असेल तर पुढच्या एखाद्या बोअरला भरण्याआधी कॅलिपर लावून घ्या, म्हणजे वाळूतला व्यास काँक्रीट ओतण्याआधीच दिसेल. आणि ८५७ हा टप्पा १०.८ ते ५.६ चा आहे, त्यात वाळूशिवाय वरची दीडेक मीटर चिकणमातीही आली आहे. वाळूतला व्यास त्याहून थोडा जास्त असणार. तिसऱ्या पाइलला वाळूच्या पट्ट्यात अर्ध्या गाडीऐवजी दर दीड घनमीटरला टेप टाका.